कायम, पण कधीपासून?

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, बुटीबोरी या पट्ट्यांतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत सात-आठ वर्षे एकाच मशीनवर उभा असलेला, नव्या पोरांना काम शिकवणारा आणि तरीही कागदोपत्री ठेकेदाराचाच असलेला कामगार सहज भेटतो. मध्ये ठेकेदार दोन-तीनदा बदललेला असतो. मशीन, सुपरवायझर आणि गेट मात्र तेच असते. मग एक दिवस कंपनी अशा काही जणांना आपल्या रोलवर घ्यायचे ठरवते. कधी युनियनचा रेटा असतो, कधी कोर्टाची भीती, कधी चांगले हात शेजारच्या कंपनीत निघून चाललेले असतात. निर्णय झाला की चर्चा एकदम पगारावर येते. मूळ किती, भत्ते किती, पहिल्या यादीत किती जण, यावर बैठका होतात. नोकरी कोणत्या तारखेपासून मोजायची हे मात्र नेमणूक पत्राचा मसुदा टाइप होताना कोणीतरी परस्पर ठरवून टाकतो. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी गोष्ट तीच आहे. वेळ, पगार आणि कागद हे तिन्ही प्रश्न शेवटी त्या एका तारखेपाशी येऊन थांबतात.

कायद्याने कामगाराच्या हातात नेमके काय दिले आहे, ते आधी पाहू, कारण इथे गैरसमज फार आहेत. ‘२४० दिवस भरले की माणूस आपोआप पर्मनंट’ हे वाक्य प्रत्येक कॅन्टीनमध्ये ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. कायद्यात मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की ‘सलग सेवा’ धरली जाते, आणि त्यामुळे नोटीस व भरपाई दिल्याशिवाय माणसाला काढता येत नाही. हे काढण्यापासूनचे संरक्षण झाले, कायमपण नव्हे. कायम करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत होती. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने वर्षात २४० दिवस भरले, हंगामी उद्योगात १९०, की त्याला कायम करावे असे ते कलम सांगत होते. पण ते कंपनीने स्वतः नेमलेल्या तात्पुरत्या कामगारासाठी. ठेकेदाराच्या माणसाला आधी सिद्ध करावे लागते की तो ठेकेदाराचा नाहीच. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरतीच उरली आहे. महाराष्ट्रात आधी ही मर्यादा ५० होती. आपण ज्या मध्यम कारखान्यांबद्दल बोलतो आहोत, त्यांतले बहुतेक या मधल्या पट्टीत येतात.

ठेकेदाराच्या माणसासाठी निर्णायक निकाल २००१ चा, सेल विरुद्ध नॅशनल युनियन वॉटरफ्रंट वर्कर्स. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की एखाद्या कामात ठेका पद्धतीला बंदी झाली म्हणून त्या कामावरचे कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. ठेका केवळ दाखवण्यापुरता, बनावट असल्याचे सिद्ध झाले, तर मात्र ते मूळ मालकाचेच समजले जातात. ठेका खरा असेल आणि बंदीमुळे नियमित भरती निघाली, तर याच कामगारांना वयाची आणि गरज पडल्यास शिक्षणाची सवलत देऊन प्राधान्य द्यावे, असेही त्या निकालात आहे. त्याच वर्षीच्या सिप्ला प्रकरणात आणखी एक दार अरुंद झाले. मालक-कामगार हे नातेच मालकाला मान्य नसेल, तर अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली ठेकेदाराच्या माणसाला थेट तक्रार चालवता येत नाही. आधी नाते ठरवून घ्यायचे आणि मग हक्क मागायचा, असा तो लांबचा रस्ता आहे.

ठेका बनावट आहे की नाही हे न्यायालये काही साध्या प्रश्नांवरून पाहतात. माणसाला निवडले कोणी, पगार कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, चूक झाली तर मेमो कोण देतो, काढायचे ठरले तर कोणाच्या सहीने? ठेकेदाराने माणूस पाठवला आणि कामाची दिशा कंपनीच्या सुपरवायझरने दाखवली, एवढ्यावर ठेका बनावट ठरत नाही, हे २०१९ च्या भेल प्रकरणात स्पष्ट झाले. म्हणून खटला लढवून कायम होणे शक्य असले तरी त्यात वर्षे जातात आणि निकालाची खात्री नसते. दुसरीकडे नव्या संहितेने कंपनीवरचा दाब वाढवला आहे. पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे कारखान्याच्या मुख्य कामात ठेका पद्धत वापरायला बंदी आहे, काही अपवाद सोडून. मशीन शॉपमध्ये मशीन चालवणे हे मुख्य काम नाही असे म्हणणे कोणत्याही व्यवस्थापनाला जड जाईल. दोन्ही बाजूंना कोर्टाबाहेर बोलण्याचे कारण आहे, ते यामुळे.

सरकारी आणि महापालिकांच्या कामगारांचा प्रश्न वेगळ्या वाटेने जातो. तिथे २००६ चा उमादेवी निकाल आडवा येतो, मंजूर पद आणि भरतीची रीत पाहिली जाते. पण त्या बाजूचे एक उदाहरण कारखान्यांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शिक्कामोर्तब झाले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तो लढा वर्षानुवर्षे चालवला होता. जिंकल्यानंतरही कागदपत्रांच्या पडताळणीत, नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकांवरून अनेकांची नेमणूक रखडली. हक्क सिद्ध झाला, तरी माणूस तोच आहे हे कागदावर सिद्ध करायचे बाकी राहिले होते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. कारखाना काल्पनिक आहे, आकडे ढोबळ पण रोजच्या व्यवहारातले आहेत. ऐंशी कायम आणि साठ कंत्राटी कामगारांचे एक मशीन शॉप. कंपनी पहिल्या टप्प्यात वीस जणांना घेणार आहे. त्यातला एक ऑपरेटर १ जुलै २०१९ ला पहिल्या ठेकेदाराकडून आला. १ जुलै २०२२ ला ठेका दुसऱ्याकडे गेला, हा तिथेच राहिला. १ एप्रिल २०२६ पासून त्याला कायम करायचे ठरले.

त्याला ठेकेदाराकडे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० आणि इतर भत्ते २,०००, असे महिन्याला १६,००० रुपये मिळतात. फंडाचे १,६८०, ईएसआयचे १२० आणि व्यवसाय कराचे २०० कापून हातात १४,००० पडतात. कंपनीला तो पडतो त्याहून बराच जास्त. पगारावर मालकाचा फंड १३ टक्के, ईएसआय सव्वातीन टक्के, बोनस ८.३३ टक्के आणि भरपगारी रजेचे पैसे धरले की आकडा २०,२०० च्या आसपास जातो. त्यावर ठेकेदाराचे आठ टक्के कमिशन, म्हणजे साधारण १,६००. एकूण २१,८०० रुपये. ग्रॅच्युइटीचा रकाना अशा बिलांत बहुधा नसतोच, तो मुद्दा पुढे येईल.

कंपनीने त्याला २०,००० वर घ्यायचे ठरवले, त्यात मूळ आणि महागाई १५,०००. हातात १७,८५० येतात. कंपनीला फंड, ईएसआय, बोनस, रजा आणि या वेळी ग्रॅच्युइटीची तरतूद धरून खर्च येतो सुमारे २५,३००. म्हणजे कंपनीचा खर्च महिन्याला ३,५०० ने वाढला आणि माणसाच्या हातात ३,८५० जास्त पडले. खर्चापेक्षा हातातली वाढ मोठी, कारण कमिशन वाचले. वीस माणसांचे वर्षाचे ८ लाख ४० हजार रुपये होतात. हा हिशोब मांडून दाखवला की ‘आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य निदान आकड्यांत बोलावे लागते.

इथे जीएसटीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के कर लागतो आणि काही जण तो वाचल्याचे धरून बचत फुगवून दाखवतात. कारखान्याला तो कर पुढच्या करातून वळता करून घेता येतो, म्हणून तो खर्चात धरू नये. हॉस्पिटल किंवा शाळेची गोष्ट वेगळी. त्यांच्या सेवेवर कर नसल्यामुळे त्यांना हा वळता करता येत नाही, तो खिशातूनच जातो. एखाद्या हॉस्पिटलने कंत्राटी वॉर्डबॉयना रोलवर घेतले तर कमिशन आणि जीएसटी मिळून जी रक्कम सुटते, तिच्यात बऱ्यापैकी पगारवाढ बसू शकते. हे गणित अशा संस्थांच्या हिशोब विभागाने एकदा मांडून पाहावे.

कामगाराच्या बाजूनेही एक जागा फसवी आहे, ती म्हणजे ओव्हरटाइम. कंत्राटी असताना हा ऑपरेटर महिन्याला तीस तास जादा काम करत होता. दुप्पट दराने त्याचे साधारण ४,६०० रुपये होत, म्हणजे घरी १८,६०० जात. कायम झाल्यावर त्याच्या तासाचा दर वाढला, म्हणून कंपनीने त्याचा ओटी पाच तासांवर आणला आणि बाकीचा उरलेल्या कंत्राटी मुलांना दिला. त्याचे ओटीचे पैसे झाले सुमारे ९६०, घरी गेले १८,८००. चार हजारांची वाढ दोनशेवर आली. घरातले विचारतात, पर्मनंट होऊन मिळाले काय? या प्रश्नाने पहिल्याच महिन्यात युनियनमध्ये भांडणे लागतात. बोलणी चालू असतानाच ओटीसकट आणि ओटीशिवाय अशी दोन्ही आकडेमोड कामगारांसमोर ठेवली पाहिजे. बारा तासांच्या पाळीवर घर चालवायची वेळ येऊ नये यासाठीच तर कायमपण हवे असते. पण ते आधी सांगून, समजावून व्हायला हवे.

दुसरी जागा ईएसआयची. मर्यादा २१,००० रुपयांची आहे. त्यासाठी धरली जाणारी मजुरी त्यापुढे गेली की माणूस योजनेतून बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा दवाखानाही जातो. वर्षाचे दोन हिस्से असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि मधेच पगार वाढला तरी तो हिस्सा संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. पाचशे-हजार रुपयांच्या वाढीने मर्यादा ओलांडली जात असेल, तर कंपनीने कुटुंबाचा मेडिक्लेम करारात लिहून द्यावा. मधुमेहाची किंवा डायलिसिसची औषधे ईएसआयमधून घेणाऱ्या घराला त्या हजार रुपयांनी फायदा होत नाही, नुकसानच होते. यादीतल्या प्रत्येकाला हे विचारून घेतले पाहिजे.

कायम कामगारांची वेतनश्रेणी मागच्या करारातली असते, समजा २६,००० पासून सुरू होणारी. नव्यांना २०,००० वर घेतले तर एकाच मशीनवर दोन पगार होतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत, तेच किंवा तशाच प्रकारचे काम करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसालाही मूळ मालकाच्या कामगाराइतके वेतन द्यावे, ही परवान्याची अट होती. ती किती ठिकाणी पाळली गेली हे सगळ्यांना माहीत आहे. कायम केल्यानंतर तरी हा फरक कायमचा राहता कामा नये. माझ्या मते रास्त मार्ग असा, की सुरुवात खालून झाली तरी फरक तीन किंवा चार वार्षिक हप्त्यांत बुजेल हे आकड्यांसह करारातच लिहावे. ‘पुढच्या करारात विचार करू’ असे लिहिलेले कलम पुढच्या करारात नव्याने भांडावे लागते. त्यात जुने कायम कामगार नव्यांच्या बाजूने उभे राहतीलच असे नाही. तेही पैशांच्या त्याच थैलीकडे पाहत असतात.

आता तारीख. आपल्या ऑपरेटरने ३१ मार्च २०२६ पर्यंत सहा वर्षे नऊ महिने काम केले. ग्रॅच्युइटीच्या हिशोबात सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे सात वर्षे. १४,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाचे ८,०७७ होतात, सात वर्षांचे सुमारे ५६,५००. पण त्याच्या नावावर पहिल्या ठेकेदाराकडे तीन वर्षे आहेत आणि दुसऱ्याकडे पावणेचार. कोणाकडेच पाच पूर्ण नाहीत. दोघेही म्हणतात, आमच्याकडे बसत नाही. कंपनीने नेमणूक पत्रात १ एप्रिल २०२६ हीच रुजू तारीख घातली तर ही सात वर्षे हवेत विरतात.

नुकसान ५६,५०० चे आहे असे वाटेल. ते त्याहून मोठे आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मिळते. हा माणूस २०४६ मध्ये निवृत्त झाला आणि तेव्हा त्याचा मूळ पगार व महागाई मिळून ४०,००० झाला असेल, तर त्या हरवलेल्या सात वर्षांची किंमत तेव्हा १ लाख ६१ हजारांवर जाईल. पत्रातल्या एका ओळीचे हे पैसे आहेत. आणि तीच ओळ सेवाज्येष्ठताही ठरवते. मंदीत कपात झाली तर शेवटी आलेला आधी जातो. सात वर्षांपासून मशीनवर असलेला माणूस कागदावर दोन महिन्यांचा असेल, तर त्याच्याआधी गेल्या वर्षी थेट भरती झालेला पोरगा सुरक्षित ठरतो.

कंपन्यांची अडचण खोटी नसते. मागची सेवा धरली तर वीस माणसांसाठी आजच अकरा-साडेअकरा लाखांची ग्रॅच्युइटीची तरतूद करावी लागते. शिवाय जुनी सेवा मान्य करणे म्हणजे ठेका बनावट होता अशी कबुली होईल, अशी भीती वकील घालतात. पहिल्या अडचणीला उत्तर हप्त्यांचे आहे, समूह ग्रॅच्युइटी योजनेत ती रक्कम दोन-तीन वर्षांत भरता येते. दुसरीला उत्तर शब्दांचे. करारात असे लिहिता येते की कोणत्याही बाजूचे पूर्वीचे म्हणणे मान्य वा अमान्य न करता, तडजोड म्हणून, अमुक तारखेपासूनची सेवा ग्रॅच्युइटी, ज्येष्ठता आणि रजेच्या दरासाठी धरली जाईल. ज्या कंपनीला एवढेही झेपत नाही तिने निदान ज्येष्ठतेसाठी गेटवरची पहिली तारीख धरावी आणि ग्रॅच्युइटीच्या बदल्यात एकरकमी पैसे द्यावेत. काहीच न धरणे मला मान्य होण्यासारखे वाटत नाही.

कायम करण्याचा दिवस निवडतानाही हेच डोक्यात असावे. एखाद्याला ठेकेदाराकडे पाच वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने उरलेत आणि मागची सेवा धरायची नाही असे ठरले आहे, तर त्याला आत्ता ‘कायम’ करणे म्हणजे त्याची ग्रॅच्युइटी बुडवणे. त्याची तारीख दोन महिने पुढे ढकला किंवा सेवा धरा. एरवी दिवस महिन्याची पहिली तारीख असावा, आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस ठेकेदाराकडचा शेवटचा. मध्ये रिकामा दिवस नको आणि एकही दिवस दोन्हीकडे नको. वेतन करार संपायला सहा महिने उरले असतील तर दोन्ही बोलणी एकत्र करणे सोपे जाते, पण त्या निमित्ताने वर्षभर थांबवणे हा जुना डाव आहे.

प्रोबेशनचेही तसेच. सात वर्षांत ज्याने लाखो नग काढले त्याची सहा महिने परीक्षा कशाची घ्यायची? तरीही पत्राचा छापील नमुना तसाच वापरला जातो, आणि त्या सहा महिन्यांत माणसाला कारण न देता काढता येते. ‘मुदतीची नेमणूक’ हा नवा पर्यायही आता पुढे केला जातो. संहितेनुसार मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि वर्षभरानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, ही चांगली गोष्ट आहे. नव्याने येणाऱ्यासाठी ती ठेक्यापेक्षा नक्कीच बरी. पण मुदत संपली की नोकरी संपते. सात वर्षांच्या माणसाला दोन वर्षांची मुदत देणे याला कायम करणे म्हणता येणार नाही.

कागदांचा क्रम सांगतो, कारण इथेच माणसे अडकतात. सुरुवात यादीने होते. ती आजच्या ठेकेदाराच्या हजेरीपटावरून करू नये, कारण त्यावर सगळे एकाच दिवशी, म्हणजे ठेका बदलला त्या दिवशी, रुजू झालेले दिसतात. गेट पासचे रजिस्टर, जुने हजेरीपट, ईएसआयची नोंदणी आणि फंडाचे पासबुक यांवरून प्रत्येकाची पहिली तारीख काढावी. फंडाच्या पासबुकात ठेकेदाराचे नाव असते, कंपनीचे नसते. म्हणून त्या ठेकेदाराची माणसे त्या काळात कुठे होती, हे जोडणारा एखादा कागद कामगाराकडे हवा. जुना गेट पास, प्रशिक्षणाची पावती, सुरक्षा सप्ताहातले प्रमाणपत्र, काहीही चालते. हे कागद फेकू नयेत. यादी फलकावर लावून पंधरा दिवस हरकती घ्याव्यात. नंतरच्या टप्प्यांत ज्यांची नावे येणार आहेत त्यांचा क्रमही त्याच वेळी जाहीर करावा, नाहीतर पुढच्या वर्षी मर्जीतली नावे वर सरकतात.

मग करार. युनियनने कंपनीशी परस्पर केलेला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरता बांधील असतो, समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्यांना लागू होतो. पुढच्या टप्प्यांची आश्वासने असतील तर दुसरा प्रकारच घ्यावा. कोर्टात तक्रार चालू असेल तर ती आधी मागे घ्यायला लावून नंतर नेमणूक देण्याचा प्रकार होतो. त्याऐवजी तडजोडीच्या अटी न्यायालयात दाखल करून तिथेच प्रकरण मिटवावे, म्हणजे अटी मोडल्या तर दाद मागायला आधार राहतो.

ठेकेदाराकडचा राजीनामा हा सगळ्यात नाजूक कागद. ‘आधी राजीनामा आणा, मग पत्र देऊ’ असे सांगितले जाते आणि मधल्या आठ दिवसांत यादी बदलल्याचेही ऐकू येते. दोन्ही कागदांवर एकाच बैठकीत सह्या व्हाव्यात, नेमणूक पत्र आधी हातात पडावे. राजीनाम्याखाली ‘माझी मागील सेवेबद्दल कसलीही मागणी नाही’ अशी ओळ बहुधा छापलेली असते. करारात सेवा धरलेली असेल तर ही ओळ करार पोखरते, ती खोडून मगच सही करावी. ठेकेदाराकडून हिशोब घेताना उरलेल्या रजेचे पैसे, चालू वर्षाचा बोनस, पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी, आणि सेवेचा दाखला, एवढे मागून घ्यावे. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मजुरीची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून कंपनीनेही ठेकेदाराचे शेवटचे बिल हिशोब पूर्ण झाल्याशिवाय देऊ नये.

फंडाचा यूएएन क्रमांक तोच राहतो, कंपनीचा सदस्य क्रमांक नवा मिळतो आणि जुनी रक्कम वळती करावी लागते. इथे दोन गोष्टी वारंवार अडतात. ठेकेदार बाहेर पडल्याची तारीख भरतच नाही, किंवा एप्रिलमधली भरतो. एप्रिलची तारीख पडली की एकाच काळात दोन नोकऱ्या दिसतात आणि रक्कम वळती करण्याचा अर्ज खुलाशासाठी अडकू शकतो. तारीख भरलीच नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती फंडाच्या पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. पहिल्या ठेकेदाराने वेगळा यूएएन काढला असेल तर तोही एकत्र करून घ्यावा. कारण पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि ती तुकड्यांत पडून राहिली तर दहा भरल्याचे दिसतच नाही. ठेकेदार बदलताना फंड काढून घेण्याची सवय अनेकांना लागलेली असते. कायम होताना तरी तो काढू नये, वळता करावा.

जन्मतारीख आणि नाव सगळ्यांत शेवटी तपासतात, तपासायचे आधी. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी, ठेकेदाराने अंदाजे लिहिलेली १ जून ही तिसरी. कंपनीच्या नोंदीत जी जाईल तिच्यावर निवृत्ती ठरेल, आणि निवृत्तीच्या तोंडावर केलेली दुरुस्तीची मागणी सहसा टिकत नाही. नेमणुकीच्या आधी दोन महिने हे काम हातात घेतले तर आधारची दुरुस्ती होऊन जाते.

नेमणूक पत्र आता संहितेनुसार प्रत्येक कामगाराला देणे बंधनकारक आहे. त्यात हुद्दा, श्रेणी, पगाराची फोड, रुजू तारीख आणि ‘सेवा धरण्याची तारीख’ ही वेगळी ओळ हवी. करारात ती आहे म्हणून पत्रात नसली तरी चालेल, असे समजू नये. वीस वर्षांनी करार शोधायला तेव्हाचे ना व्यवस्थापक असतील ना युनियनचे पदाधिकारी. पत्र माणसाच्या ट्रंकेत असेल.

सगळे नीट झाले की नाही हे पहिल्या तीन महिन्यांत कळते. पगाराच्या स्लिपवर दोन्ही तारखा छापल्या जातात का ते पाहावे. फंडाच्या पासबुकात एप्रिलची वर्गणी कंपनीच्या नावाने आली का आणि ईएसआयचा तोच विमा क्रमांक कंपनीच्या कोडखाली दिसतो का, हेही तपासावे. ठेकेदाराच्या एप्रिलच्या हजेरीपटावर आपले नाव अजून तर नाही ना? तसे असेल तर लगेच लेखी कळवावे. आणि ज्यांचे नाव पहिल्या वीसांत नाही, त्या चाळीस जणांना एवढेच सांगणे आहे, की आजच आपले जुने गेट पास, पगाराच्या स्लिपा आणि फंडाचे पासबुक एका फाइलमध्ये लावून ठेवा आणि पहिल्या टप्प्याच्या करारात ‘सेवा धरण्याची तारीख’ आली आहे का, हे सही होण्याआधी आपल्या युनियनला विचारा. ती ओळ पहिल्या वीसांना मिळाली नाही, तर तुम्हालाही मिळणार नाही.